बिघडलेला शब्द

सातवीत आमच्या मराठीच्या पेपरात दोन मार्कांचा एक प्रश्न हमखास असायचा: 'पुढील शब्दांतील तत्सम व तद्भव शब्द ओळखा.' त्यासाठी वर्गात एक सोपी युक्ती सांगितली होती. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला तो तत्सम, आणि येता येता बिघडलेला तो तद्भव. कर्ण तत्सम, कान तद्भव. हस्त तत्सम, हात तद्भव. दोन मार्क मिळाले, विषय संपला. डोक्यात राहिला तो फक्त 'बिघडलेला' हा शब्द. म्हणजे मी सकाळी उठल्यापासून जे काही बोलतो, हात, पाय, कान, दूध, भात, माती, घर, ते सगळं बिघडलेलं, आणि लग्नपत्रिकेवर छापतात ते तेवढं चांगलं!

हा समज बऱ्याच वर्षांनी मोडला, तो एका ग्रीक पुस्तकामुळे. पुस्तकाचं नाव 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी'. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडून भारताच्या किनाऱ्यावर व्यापाराला येणाऱ्यांसाठी लिहिलेली ही एक माहितीपुस्तिका. कुठल्या बंदरात काय मिळतं, काय खपतं, वारा कधी धरायचा, अशा कामाच्या गोष्टी तिच्यात आहेत. लिहिणाऱ्याचं नाव आपल्याला माहीत नाही. त्याला संस्कृतशी किंवा व्याकरणाशी काही देणंघेणं नव्हतं. तो सांगतो की बारिगाझापासून, म्हणजे आपल्या भडोचपासून, दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर एक मोठं व्यापारी शहर आहे. तिथून मौल्यवान दगड गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला येतात. शहराचं नाव त्याने लिहिलंय 'पैथाना'.

हे आपलं पैठण. सातवाहनांची राजधानी. संस्कृत ग्रंथांत त्याचं नाव आहे 'प्रतिष्ठान'. पण भडोचच्या धक्क्यावर गाडीवानांच्या आणि दलालांच्या तोंडून या परदेशी माणसाच्या कानावर पडलं ते 'प्रतिष्ठान' नाही, तर आपल्या आजच्या एसटीच्या पाटीच्या अगदी जवळचं काहीतरी. म्हणजे सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच लोक पैठणला जवळजवळ पैठणच म्हणत होते. संस्कृत शब्द कालपरवा कुणा अडाण्याच्या तोंडात सापडून बिघडला, असं काही झालेलं नाही.

आता प्रतिष्ठानचं पैठण झालं कसं ते सावकाश पाहू, कारण तद्भव म्हणजे काय ते या एका शब्दात जवळजवळ पूर्ण कळतं.

सुरुवातीचा 'प्र' घ्या. शब्दाच्या आरंभी असं जोडाक्षर आलं की प्राकृत बोलणारे त्यातला र सोडून देत. प्रचं झालं प. पुढे 'ति' आहे. दोन स्वरांच्या मधे एकटा सापडलेला त प्राकृतात विरघळून जातो आणि नुसती इ उरते. 'प्रति'चं झालं 'पइ'. त्यानंतर 'ष्ठ'. इथे दोन वेगळी व्यंजनं एकमेकांना चिकटली आहेत. ती एकाच जातीची होतात, म्हणजे ट्ठ. शेवटच्या नचा ण झाला. हाती आलं 'पइट्ठाण'. हे रूप मी कल्पनेने केलेलं नाही, प्राकृत ग्रंथांत शहराचं नाव याच रूपात येतं. तिथून मराठीपर्यंतचं अंतर थोडंच आहे. अ आणि इ मिळून ऐ झाला, ट्ठ सैल होऊन नुसता ठ राहिला, ठाचा ठ झाला. पैठण.

यातली एकही पायरी फक्त पैठणसाठी घडलेली नाही, हे महत्त्वाचं. प्रत्येक पायरी त्या काळात तशा सगळ्याच शब्दांना लागू होत होती. बिघाड असा नसतो. बिघाड कसाही होतो, एकदा इकडून, एकदा तिकडून. इथे मात्र हजारो शब्द एकाच ओळीत, एकाच दिशेने चाललेले दिसतात.

गंमत म्हणजे 'प्रतिष्ठान' हा शब्दही आपण वापरतोच. कुठल्याही चौकात मान वर केली की एखादं 'युवा प्रतिष्ठान' फ्लेक्सवर सापडतं. एकच शब्द मराठीत दोनदा आला आहे. एकदा तोंडातोंडी, दोन हजार वर्षं चालत. तेव्हा तो झिजून पैठण झाला. दुसऱ्यांदा कुणीतरी संस्कृत ग्रंथातून तो उचलून आणला. तेव्हा त्याला वाटेत झिजायला वेळच मिळाला नाही. पहिला तद्भव, दुसरा तत्सम. मला विचाराल तर फरक एवढाच आहे, आणि तो शुद्धतेचा नाही, वाटेचा आहे.

शब्दांचा अर्थही हेच सांगतो. 'तत्' म्हणजे ते. इथे ते म्हणजे संस्कृत. त्याच्यासारखा तो तत्सम, त्यापासून झालेला तो तद्भव. ही नावं मराठीसाठी तयार झालेलीच नाहीत. ती प्राकृताच्या अभ्यासकांची. दंडीच्या 'काव्यादर्शा'त प्राकृताचे प्रकार सांगताना तत्सम, तद्भव आणि देशी ही तीन नावं येतात. बाराव्या शतकात हेमचंद्राने तिसऱ्या प्रकारासाठी, म्हणजे ज्यांचा संस्कृताशी धागा जुळवता येत नाही अशा शब्दांसाठी, 'देशीनाममाला' हा अख्खा कोश रचला. मात्र 'बिघडलेला' ही कल्पना आमच्या वर्गातही कुणी हवेतून काढली नव्हती. भरताच्या नाट्यशास्त्रात याच तिघांचा उल्लेख आहे, आणि तिथे आपल्या तद्भवासाठी शब्द आहे 'विभ्रष्ट'. संस्कृत हे माप धरलं की त्याच्या तुलनेत बाकीचं भ्रष्ट दिसणारच. 'तद्भव' हे नाव त्या मानाने बरंच सभ्य आहे.

पैठणच्या वाटेत एक पायरी आली होती, दोन वेगळी व्यंजनं एकाच जातीची होण्याची. तिथे जरा थांबायला हवं, कारण मराठीचे रोजच्या वापरातले कितीतरी शब्द त्या पायरीवरून आले आहेत. सप्त घ्या. प आणि त यांना जोडून बोलताना ओठ मिटायचे, मग लगेच जीभ दातांना लावायची. बोलणाऱ्यांनी प सोडला आणि तच दाबून म्हटला: सत्त. तसंच हस्तचं हत्थ, कर्मचं कम्म, कर्णचं कण्ण, दुग्धचं दुद्ध. प्राकृत शब्द इथे थांबले. पंजाबी तर आजही बरीचशी इथेच थांबली आहे. तुमच्या प्लेलिस्टमधलं एखादं पंजाबी गाणं कान देऊन ऐका. हत्थ, कम्म, सत्त, दुद्ध हे शब्द जसेच्या तसे ऐकू येतील. मराठी मात्र पुढे निघाली. तिने दुहेरी व्यंजनातलं एक काढून टाकलं आणि जितका वेळ वाचला तितका आधीच्या स्वराला देऊन टाकला. सत्तमधल्या ससाठी आणि अर्ध्या तसाठी मिळून जेवढा वेळ लागायचा, तेवढाच 'सा' म्हणायला लागतो. म्हणून सात, हात, काम, कान, दूध. मुष्टिचं मुट्ठि आणि मग मूठ, जिह्वेचं जिब्भा आणि मग जीभ. शब्दाचं वजन तेच राहिलं, फक्त ते व्यंजनावरून स्वरावर सरकलं.

ही पायरी मराठी आणि हिंदीत सारखीच आहे, म्हणून हात, कान, काम, सात हे दोन्हींकडे जवळपास एकच. फरक दिसतो तो दुसऱ्या एका ठिकाणी, आणि माझ्या मते मराठीची खरी सही तिथे आहे. पुढच्या जोड्या मोठ्याने म्हणून बघा: खेत आणि शेत. मक्खी आणि माशी. छुरी आणि सुरी. मछली आणि मासा. छह आणि सहा. पूछना आणि पुसणे. संस्कृतातल्या क्षचं प्राकृतात काही ठिकाणी ख होतं आणि काही ठिकाणी छ. क्षेत्राचं खेत्तही सापडतं आणि छेत्तही. हिंदीने पहिलं धरलं, मराठीने दुसरं. शिवाय मराठीला जुना छ नकोसा होता. तो जिथे भेटला तिथे तिने त्याचा स केला, आणि पुढे इ किंवा ए असेल तर श. छेत्तचं शेत, मच्छिआचं माशी. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच अभ्यासकाने १९२० साली मराठीच्या घडणीवर ग्रंथ लिहिला, त्यात असे बदल एकेक करून मांडलेले आहेत.

पुसणे या शब्दाची थोडी आणखी मजा आहे. हिंदीत पूछना म्हणजे विचारणं आणि पोंछना म्हणजे फडक्याने पुसणं, असे दोन वेगळे शब्द आहेत. दोन्हींतल्या छचा मराठीत स झाला आणि दोन्ही येऊन 'पुसणे' या एकाच रूपाला टेकले. विचारण्याच्या अर्थाने पुसणे आता शहरात फारसं कुणी म्हणत नाही, पण 'विचारपूस' करताना आपण तो शब्द वापरतोच.

आणि याच वाटेने आलेला माझा सर्वांत लाडका शब्द म्हणजे सण. संस्कृत क्षण. क्षणाला काळाच्या छोट्या तुकड्याखेरीज उत्सव, आनंदाची वेळ असाही अर्थ होता. क्षणचं छण झालं, छणचं सण. मग मराठीने 'क्षण' हा शब्द परत संस्कृतातून आणला, तो सेकंदापुरता. आज 'सणाचे क्षण' असं आपण सहज लिहून जातो, तेव्हा खरं तर एकच शब्द दोनदा लिहितो.

अशी जुळी भावंडं मराठीत भरपूर आहेत, आणि त्यांच्यात वाटणी कशी झाली ते पाहण्यासारखं आहे. कर्म आणि काम. चक्र आणि चाक. गर्भ आणि गाभा. भक्त आणि भात, कारण संस्कृतात 'भक्त' म्हणजे वाटून दिलेला भाग, जेवण असाही अर्थ आहे. देवळात गेला तो भक्त राहिला, ताटात आला तो भात झाला. यातली एक जोडी मला अस्वस्थ करते. गर्भिणी या शब्दाचं तद्भव रूप आहे गाभण. बाई गर्भवती असते, गाय गाभण असते. बाईला गाभण म्हटलं तर ती शिवी होईल. शब्दाचं कूळ तेच, पण ग्रंथातून आलेल्या रूपाला माणूस मिळाला आणि तोंडातोंडी आलेल्या रूपाला गोठा. हे ध्वनींच्या नियमाने झालेलं नाही. इथे बोलणाऱ्या समाजाने काय वरचं आणि काय खालचं ते ठरवलं आहे. तद्भव म्हणजे अशुद्ध, हा आमच्या वर्गातला समजही त्याच ठिकाणचा असावा.

तत्सम आणि तद्भव या दोन्हींच्या मधे आणखी एक प्रकार आहे, त्याला अर्धतत्सम म्हणतात. ग्रंथातला शब्द उशिरा लोकांच्या तोंडी आला. तोवर जुने नियम थकले होते, म्हणून त्याचं पूर्ण रूपांतर झालं नाही. लोकांनी फक्त जोडाक्षर मधे स्वर घालून सोडवलं. धर्मचं धरम, रत्नचं रतन, भक्तचं भगत. माझी आजी काही सांडलं-फुटलं की कपाळावर हात मारून म्हणायची, "काय माझं करम!" कर्म, काम आणि करम: एक शब्द, तीन वेळा आलेला. ती दिवसभर काम करायची, रात्री कीर्तनात कर्म ऐकायची, आणि दोन्हींचा वैताग आला की करम काढायची. तिन्ही शब्द तिच्याकडे आपापल्या जागी होते, आणि त्यातला कुठलाही दुसऱ्याच्या जागी चालला नसता.

आता नुसत्या दिसण्यावरून ओळखण्याची आमची शाळेतली पद्धत, जोडाक्षर असेल तर तत्सम. ती बऱ्याचदा फसते. देव, जल, दिवस यांत एकही जोडाक्षर नाही, तरी ते तत्सम आहेत. दिवसचं तद्भव रूप दीस, जे गावाकडे अजून ऐकू येतं. उलट 'जबरदस्त'मध्ये जोडाक्षर आहे, पण शब्द फारसी. त्यातला 'दस्त' म्हणजे हात, आणि तो संस्कृत हस्तचा फारसी चुलतभाऊ आहे. मोबाईलचा हप्ताही तसाच. फारसीत हफ्त म्हणजे सात, हफ्ता म्हणजे सात दिवसांचा आठवडा. म्हणजे सात, सप्ताह आणि हप्ता हे तिन्ही एकाच मुळाचे. त्यातला सात तद्भव, सप्ताह तत्सम, आणि हप्ता दोन्ही नाही, कारण तो आला इराणवरून. रूप सारखं आहे यावर भागत नाही, शब्द कुठून आला ते शोधावं लागतं.

कधी कधी तर तत्सम दिसणारा शब्दच नंतर शिवलेला असतो. पैठणच्याच राजांचं उदाहरण आहे. सातवाहन हे नाव प्राकृतात सालाहण असं झालं. पुढच्या पंडितांना सालाहण ऐकू येत होतं, पण त्याचं मूळ विस्मरणात गेलं होतं. त्यांनी त्याला नवीन संस्कृत कपडे चढवले आणि शालिवाहन तयार झाला. दिनदर्शिकेवर आपण 'शालिवाहन शक' वाचतो. तो शक इसवी सन ७८ पासून मोजतात, पण त्याला शालिवाहनाचं नाव लागलं ते कित्येक शतकांनंतर. इथे नेहमीपेक्षा उलटं झालं आहे, लोकांच्या तोंडचं रूप आधीचं आणि संस्कृत दिसणारं नंतरचं.

एवढं सगळं इतिहासापुरतं राहिलं असतं तर प्रश्न नव्हता. पण मराठीत तत्सम-तद्भव हा भेद अजून मार्क कापतो, तो शुद्धलेखनात. मराठी साहित्य महामंडळाने केलेले लेखनाचे १४ नियम १९६२ साली सरकारने मान्य केले, १९७२ साली त्यात आणखी चार आले. त्या नियमांत अनेक ठिकाणी तत्समांना वेगळी वागणूक आहे. दूध, मूठ, वीट असे अकारान्त शब्द घ्या. शेवटून दुसरं अक्षर दीर्घ लिहायचं, पण शब्दाला प्रत्यय लागला की ते ऱ्हस्व होतं: दुधात, मुठीत, विटेवर. कानाला हे पटतं, आपण बोलतोही तसंच. पण 'गीत' तत्सम आहे, म्हणून गीतात. तिथे दीर्घ हलत नाही.

आणि विष. उच्चार करून बघा. बहुतेक मराठी माणसं तो वीससारखाच लांब करतात. वीस हा विंशतिपासून आलेला तद्भव, म्हणून दीर्घ लिहायचा. विष तत्सम, म्हणून संस्कृतात जसा तसा, ऱ्हस्व. सुख आणि गुण यांचंही तेच. तोंडाने आपण सूख, गूण म्हणतो आणि लिहिताना ऱ्हस्व लिहितो. म्हणजे बरोबर लिहायचं तर नुसतं मराठी बोलता येऊन उपयोग नाही, शब्द कुठल्या वाटेने आला तेही माहीत हवं. ज्याच्या घरात संस्कृत होतं त्याला ते आपोआप माहीत असायचं. बाकीच्यांनी पाठ केलं, किंवा मार्क घालवले. माझे गेले ते 'दूधात' लिहिल्यामुळे. मला वाटलं होतं, दूध तेवढं दीर्घ आहे तर ते तसंच राहील. म्हणजे मी एका तद्भव शब्दाला तत्समाचा मान देऊन बसलो होतो. पेपर परत मिळाला तेव्हा त्यावर लाल शाईने लिहिलं होतं, 'भाषा अशुद्ध.'